सीसीएल म्हणजे बालसंगोपन रजेच्या अर्जात परतीची तारीख

> लेकाचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर नक्की दिवस सांगत नाहीत. अर्जात रुजू होण्याची तारीख काय टाकू? (केंद्र सरकारी नोकरी, सीसीएल शिल्लक आहे.)

ताई, तारीख टाकावीच लागते, पण ती डिस्चार्जची धरू नका. टाके आणि तपासणी होईपर्यंतचे दिवस धरा आणि खाली एक ओळ लिहा: ‘उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार मुदतवाढ लागू शकते.’

माझी चूक सांगते. मुलीच्या अपेंडिक्सच्या वेळी मी मोजून सात दिवस मागितले आणि आठव्या दिवशी हजर झाले. दोन दिवसांत तिची जखम चिघळली, परत ॲडमिट. ती रजा नवीन हप्ता म्हणून मोजली गेली. कॅलेंडर वर्षात असे तीनच हप्ते मिळतात (एकल मातेला सहा), आणि एक हप्ता पाच दिवसांपेक्षा कमी चालत नाही. रुजू न होता रजा वाढवली असती, तर हप्ता एकच राहिला असता.

म्हणून रजा संपायच्या आधीच मुदतवाढीचा अर्ज द्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवर नुसतं ‘विश्रांती’ नको, ‘आईने सोबत राहणे आवश्यक’ आणि अंदाजे तारीख लिहून घ्या. आमच्या हेडक्लार्कबाईंनी पहिली चिठ्ठी तेवढ्यासाठीच परत पाठवली होती! मधले रविवारही रजेत मोजले जातात, तो हिशोब आधीच करा.