मदत हवी आहे: गोल रेटवरून सम/विषम आणि पहिल्या गोलच्या वेळेचे भाव काढतोय, बाजाराशी जुळत नाहीत

आकडेवेडा
मंडळी, फुटबॉलचं छोटं मॉडेल बनवतोय. एका मॅचसाठी यजमानांचा रेट १.५ आणि पाहुण्यांचा १.१ आलाय, म्हणजे एकूण २.६. दोन्ही पॉइसॉन धरलेत. सम गोलसाठी हे वापरलं:

```
P(even) = (1 + exp(-2*2.6)) / 2
```

सम ५०.३ टक्के, विषम ४९.७. पण बाजारात सम १.८७ आणि विषम १.९५ आहे, मार्जिन काढलं तर सम ५१ च्या वर जातो. दुसरं म्हणजे पहिला गोल ३० मिनिटांच्या आत. २.६ ला ९० ने भागून सरळ रेट धरला तर ५८ टक्के येतात, बाजार मात्र १.७४ आणि २.०५ देतोय म्हणजे साधारण ५४. दोन्हीकडे फरक आहे, आणि सम-विषममध्ये तो एकाच दिशेला का झुकतो हे मला खरंच समजून घ्यायचंय.

मिडफिल्डर_७
सम-विषम म्हणजे नाणेफेक, रेट कितीही असला तरी ५०-५०, दोन्हीकडे १.९० लावून टाक, त्यावर वेळ घालवू नकोस.

शून्यशून्य
मिडफिल्डर, पूर्ण मॅचचा एकूण रेट मोठा असतो म्हणून ते ५०-५० च्या जवळ येतं, पण रेट लहान झाला की नाही येत. ७५व्या मिनिटाला ०-० आहे आणि उरलेला रेट ०.५ धरला तर त्याच फॉर्म्युल्याने सम ६८ टक्के निघतो, कारण शून्य हा समच धरतात.

आकडेवेडा, तुझं सूत्र बरोबर आहे, फरक दोन्ही टीम स्वतंत्र धरल्यामुळे येतोय. डिक्सन आणि कोल्स यांनी १९९७ च्या पेपरमध्ये ०-०, १-०, ०-१ आणि १-१ या चारच स्कोरना दुरुस्ती दिलीय, ती किती हे ठरवणारा आकडा ρ उणे असला की ०-० आणि १-१ वाढतात आणि १-० आणि ०-१ तेवढेच घटतात. आता बघ, वाढणारे दोन्ही सम आहेत आणि घटणारे दोन्ही विषम, म्हणून सगळा फरक एकाच बाजूला साठतो. ρ = -०.०५ घे. प्रत्येक स्कोरमधला बदल १.५ × १.१ × ०.०५ × exp(-२.६), म्हणजे ०.६ टक्क्याच्या आसपास. असे दोन, मिळून १.२. सम ५०.३ वरून ५१.५ वर जातो. पॉइसॉनने ५० च्या वर दिलेला फरक जेमतेम ०.३ होता, ही दुरुस्ती त्याच्या चौपट आहे, त्यामुळे रेट २.६ की २.७ यावर डोकं लावण्यापेक्षा ρ नीट काढ.

आकडेवेडा
अरे वा, हे लक्षातच आलं नव्हतं! मग पहिल्या गोलचं?

शून्यशून्य
तिथे गोल ९० मिनिटांत सारखे पसरलेले नसतात, पहिल्या हाफमध्ये कमी पडतात. पहिल्या हाफला ४५ टक्के वाटा धर, म्हणजे १.१७, त्यातले ३० मिनिटांत ०.७८. १ - exp(-०.७८) म्हणजे ५४.२ टक्के. तुझा ५८ तिथेच खाली आला. वाटा तुझ्या लीगच्या डेटावरून काढ, पण ४५+२ ला पडलेला गोल नोंदीत बऱ्याचदा ४५व्या मिनिटाला दिसतो, म्हणून ३१ ते ४५ चा खण खोटाच फुगतो, तो वेगळा बघ.

कट्ट्यावरचा_पंच
माझं थोडं वेगळंय, मी फक्त पहिल्या हाफचं सम-विषम बघतो आणि मागच्या बऱ्याच मॅचेसमध्ये सम येतोय, आता विषमची पाळी आहे ना?

शून्यशून्य
पाळी वगैरे काही नसते हो, मागच्या मॅचला पुढची मॅच ओळखत नाही. १.१७ रेटवर पहिल्या हाफचा सम ५४.८ टक्के निघतो, म्हणून तो जास्त वेळा दिसणारच, आणि त्याचा रास्त भाव १.८२ च्या आसपास असतो. तिथे दोन्हीकडे १.९० लावणं मात्र चुकीचं होईल.

आकडेवेडा
अजून एक. दुरुस्तीमुळे ०-० चा अंदाज ७.४ वरून ८.० टक्के झाला, मग पहिल्या गोलच्या गणितात रेट २.६ च ठेवायचा का?

शून्यशून्य
नाही, तिथे ०-० असतानाचाच रेट लागतो, कारण पहिला गोल पडेपर्यंत स्कोर ०-० च असतो आणि तुझा २.६ मात्र सगळ्या स्कोरची सरासरी आहे. -ln(०.०८०४) म्हणजे २.५२. तो घेतला की ३० मिनिटांचे ५३.१ टक्के होतात. बाजाराच्या ०-० च्या भावातून मार्जिन काढून हाच आकडा ताडून बघ, ते दोन जुळले नाहीत तर पुढचा प्रत्येक खण तिरका जाईल.

मिडफिल्डर_७
पण ०-० असताना ४५ टक्क्यांचा वाटा तसाच राहतो हे कशावरून? शेवटी टीम ड्रॉवर समाधान मानतात किंवा उलट तुटून पडतात.

शून्यशून्य
हा मुद्दा खरा आहे. फक्त ०-० असलेली मिनिटं वेगळी मोजावी लागतील, आणि उशिराची तशी मिनिटं थोडीच उरतात, त्यामुळे ७५ नंतरचा रेट एका लीगमधून ठाम निघत नाही. दोन-तीन लीग एकत्र करून कोणी पाहिलं असेल तर इथे टाका.