मदत हवी आहे: पीडीएफ ड्रॉइंगमधले फक्त प्लंबिंगचे लेयर वेगळे कसे काढू?

साइटवरचा_बंडू
घराच्या तळमजल्याचं ड्रॉइंग आर्किटेक्टकडून पीडीएफमध्ये आलंय. कागद ए१, स्केल १:१००. भिंती, फर्निचर, इलेक्ट्रिक, प्लंबिंग असे वेगळे लेयर आहेत. प्लंबरला फक्त भिंती आणि प्लंबिंग द्यायचंय. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये डावीकडच्या Layers पॅनेलमधले नको त्या लेयरचे डोळे बंद केले, Microsoft Print to PDF ने नवी फाइल काढली. दिसायला झकास. पण प्लंबरने पट्टी लावली तर ३ मीटरची खोली ३ सेंटीमीटर भरायला हवी, ती दीडच भरली!

मेघना_के
एवढा खटाटोप कशाला? डोळे बंद करून Save As करा की.

रेखाटनकार
मेघनाताई, डोळे बंद केल्याचं Save As मध्ये सेव्ह होत नाही, लेयर फाइलमध्ये राहतातच. प्लंबरने फाइल उघडली की इलेक्ट्रिकसकट सगळं परत समोर.

बंडू, तुमचा कागद ए३ निवडला गेला असणार. ए१ ची प्रत्येक बाजू ए३ च्या दुप्पट, म्हणून Fit ने सगळं निम्मं झालं, म्हणजे १:२००. Actual size घेतलंत तर स्केल बरोबर येईल, पण ड्रॉइंग ए३ बाहेर कापलं जाईल.

साइटवरचा_बंडू
अगदी तसंच झालंय. आणि ए३ पेक्षा मोठा कागद माझ्या यादीत नाहीच.

गावकरी७७
माझ्याकडे शेताचा नकाशा पीडीएफ आहे, त्यात Layers पॅनेलच रिकामं. काय करू?

रेखाटनकार
तो स्कॅन असेल. स्कॅन म्हणजे एकच फोटो, त्यात लपवायला लेयर नसतात. वेगळा धागा काढा.

बंडू, अ‍ॅक्रोबॅट प्रो कोणाकडे असेल तर आधी फाइलची कॉपी करा. कॉपीत हवे तेवढेच डोळे उघडे ठेवा आणि Layers पॅनेलच्या मेनूतून Flatten Layers करा. दिसत होतं तेवढंच उरतं, कागद ए१ च राहतो. उघडून पाहिल्यावर पॅनेल रिकामं दिसलं आणि झूम करूनही रेघा धारदार राहिल्या, की काम झालं. ते परत फिरवता येत नाही, म्हणून मूळ फाइलला हात लावू नका.

साइटवरचा_बंडू
भाच्याच्या ऑफिसात केलं. स्केल जुळलं! पण बाथरूममधलं बेसिन आणि कमोड गायब. पाइप येतात आणि हवेत संपतात.

रेखाटनकार
म्हणजे ते फर्निचरच्या लेयरवर काढलेत. आमच्या धंद्यात नेहमीचं आहे हे. पीडीएफमध्ये डोळा अख्ख्या लेयरचा असतो, त्यातलं एकटं बेसिन उघडं ठेवता येत नाही. आर्किटेक्टला सांगा, ऑटोकॅडमध्ये बेसिन-कमोड प्लंबिंगच्या लेयरवर घ्या, बाकीचे लेयर फ्रीझ करा आणि ए१ वरच प्लॉट करा. पाच मिनिटांचं काम.

साइटवरचा_बंडू
पाच मिनिटांचं खरं, पण साहेब फोन उचलतील तेव्हा. तोवर फर्निचरसकट फाइल प्लंबरला दिली तर गोंधळ होईल का?