मदत हवी आहे: जवसाची पूड कडू लागतेय, खाऊ की फेकू?

ओवी४७
लवकर सांगा प्लीज. कोलेस्टेरॉलसाठी आणि हॉर्मोन्ससाठी जवस सुरू केलंय, रोज दोन चमचे. पण पूड आता कडू लागतेय. खराब झाली की जवस असंच असतं? आणि दोन चमचे बरोबर आहेत ना? फरक काहीच नाही.

खडीसाखर
कच्ची की भाजलेली? कधी दळली? कुठे ठेवली? चमचा कोणता? एवढं न सांगता काय सांगणार?

निळा_पतंग
जवस मुळातच थोडं उग्र असतं, सवय होते. मी तर अख्खंच खातो, दोन मोठे चमचे पाण्याबरोबर गिळतो. दळायचं नाही, म्हणजे खवट व्हायचा प्रश्नच नाही. आठ महिने झाले, पोट एकदम साफ.

माधवी_आहार
पतंग, तुमचं अर्धं बरोबर आहे. अख्ख्या दाण्याचं टरफल आतल्या तेलाला हवेपासून वाचवतं, म्हणून दाणे कोरड्या डब्यात साधारण वर्षभर टिकतात. पण तेच टरफल पोटातही फुटत नाही. गिळलेले दाणे बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडतात. पोट साफ होतं ते दाण्याभोवती पाण्यात सुटणाऱ्या बुळबुळीतपणामुळे. आतलं तेल आणि लिग्नान नावाचे घटक मिळायला दळावंच लागतं, निदान नीट चावावं तरी लागतं.

ओवी, खडीसाखर यांच्या प्रश्नांची उत्तरं द्या. आणि कोलेस्टेरॉल किती, गोळ्या कोणत्या चालू आहेत, हेही लिहा.

ओवी४७
बरं. अर्धा किलो जवस भाजून एकदाच मिक्सरवर दळलं, पाच आठवडे झाले. काचेच्या बरणीत ओट्यावरच आहे, समोर दिसलं की विसरत नाही म्हणून. चमचा चहाचा. एलडीएल 158 आहे, डॉक्टर म्हणाले तीन महिने आहार सांभाळा, मग गोळीचं बघू. पाळी अनियमित झालीय, रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने जाग येते.

मोरपंखी
ओवी, हॉर्मोन्ससाठी नुसतं जवस नाही चालत! महिन्याचे पहिले चौदा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढचे चौदा दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. माझी पाळी तीन महिन्यांत सुरळीत झाली.

खडीसाखर
मोरपंखी, तिचा प्रश्न पूड कडू का लागतेय हा आहे.

मोरपंखी
हॉर्मोन्स तिनेच लिहिलंय, वर वाचा.

माधवी_आहार
आधी पुडीचं बघू. ओवी, त्याच पाकिटातले अख्खे दाणे उरलेत का? पाच-सहा दाणे कोरडे चावून खा. मग पाणी पिऊन चिमूटभर पूड जिभेवर ठेवा आणि बरणीचं झाकण उघडल्या उघडल्या वास घ्या. दोन्हींत काय फरक जाणवतो ते लिहा. आणि तुमचे दोन चमचे वजनकाट्यावर किती भरतात तेही बघा.

ओवी४७
मूठभर दाणे होते. ते छान लागले, अक्रोडासारखे. पूड जिभेवर ठीक, पण गिळल्यावर घशात मागे कडू राहते. बरणीला ऑइलपेंटच्या डब्यासारखा वास येतोय. कडेला पूड तेलकट होऊन चिकटलीय, आधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन चमचे 6 ग्रॅम भरले.

माधवी_आहार
मग ती फेका. दाणे चांगले होते, दळल्यानंतर बिघाड झालाय. रंगाचा वास येतो तोही उगाच नाही. ऑइलपेंटमध्ये पूर्वापार जवसाचंच तेल वापरतात, कारण ते हवेतला प्राणवायू घेऊन सुकतं. ज्या ओमेगा-3 साठी आपण जवस खातो, तोच भाग सगळ्यात आधी हवा धरतो. तुमच्या ओट्यावर शेगडीची ऊब, उजेड आणि रोज झाकण उघडल्यावर आत जाणारी हवा, तिन्ही होती.

शिवाय हिशोब बघा. रोज 6 ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो संपायला जवळजवळ तीन महिने. मंद आचेवर भाजा, दाणे तडतडायला लागले की लगेच उतरवा, पूर्ण गार होऊ द्या. मग 100 ग्रॅमच घ्या. मिक्सर सलग फिरवू नका, थांबत थांबत चालवा, नाहीतर भांडं तापून तेल सुटतं. पूड लहान घट्ट डब्यात काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवा. चमचा कोरडा हवा, आणि डबा बाहेर ताटकळत ठेवू नका, आत दव धरतं.

निळा_पतंग
भाजलं की ओमेगा जळून जातं ना पण?

माधवी_आहार
हलकं भाजल्याने फारसं जात नाही. करपवलं तर जातं. कच्च्या जवसात सायनाइड तयार करू शकणारे घटक थोडे असतात, भाजल्याने तेही कमी होतात.

शांत_डोह
एवढा उपद्व्याप कशाला? जवसाचं तेल घ्या, चमचाभर. एलडीएल सरळ खाली.

माधवी_आहार
एलडीएलसाठी तेलाचा भरवसा नाही. ते उतरतं मुख्यतः विरघळणाऱ्या चोथ्यामुळे. तो आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर नेतो, मग नवी करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. तेलात चोथाच नसतो. आणि उघडलेली तेलाची बाटली पुडीपेक्षाही नाजूक.

ओवी, प्रमाणाचं. चाचण्यांमध्ये बहुतेक वेळा रोज 30 ग्रॅम पूड दिलेली असते. तुमच्या 6 ग्रॅमवर फरक दिसेल अशी आशा धरू नका. पण एकदम 30 वर जाल तर पोट फुगेल. पहिला आठवडा एक सपाट टेबलस्पून, म्हणजे साधारण 7 ग्रॅम. मग दोन, बरोबर भरपूर पाणी. दोनवर बहुतेकांनी थांबलेलं चांगलं. त्याने 158 चं 100 होणार नाही, 145 च्या आसपास आलं तरी चांगलं समजा. ट्रायग्लिसराइडवर फारसा परिणाम होत नाही.

गोळ्यांचं तुम्ही अजून सांगितलं नाहीत.

ओवी४७
कोलेस्टेरॉलची गोळी नाही म्हटलं ना. थायरॉइडची आहे फक्त, सकाळी उपाशीपोटी. तिच्याच पाण्याबरोबर जवस घेते, एकदाच काम होतं.

खडीसाखर
अगं, हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं!

माधवी_आहार
हे आजपासून बंद करा. चोथ्यामुळे ती गोळी कमी शोषली जाऊ शकते. गोळी सकाळी नुसत्या पाण्याबरोबर, जवस दुपारी जेवताना दह्यात. चार तासांचं अंतर ठेवा. टीएसएच शेवटचं कधी केलंय? थायरॉइड कमी पडलं तर एलडीएल त्यानेही वाढतं, पाळीही बिघडते. नुसत्या जवसाच्या मागे लागून ते राहून जाईल.

ओवी४७
वर्ष झालं असेल. आणि रात्रीच्या वाफांचं? त्यासाठीच तर खरं सुरू केलं होतं.

मोरपंखी
त्या कमी होतात. माझ्या बहिणीच्या झाल्या.

माधवी_आहार
जवसातले लिग्नान आतड्यातले जिवाणू बदलतात, त्यातून इस्ट्रोजेनशी थोडं साम्य असलेले पदार्थ बनतात, एवढं खरं. पण मोठ्या चाचणीत हॉट फ्लॅशेसवर जवसाचा परिणाम खोट्या औषधापेक्षा जास्त दिसला नाही. बियांच्या पाळीपाळीने खाण्याचाही ठोस पुरावा नाही. रात्रीची झोप मोडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

मोरपंखी
पुरावा नाही म्हणजे उपयोग नाही असं नसतं. मला झाला, मी सांगणारच.

गुलमोहर
जवस उकळून गाळून केसांना जेल म्हणून लावा, केस मस्त बसतात. कडू पूड चालेल का माहीत नाही.

खडीसाखर
केसांचं कोणी विचारलंय?

ओवी४७
पूड फेकली. 100 ग्रॅम दळून फ्रीजमध्ये ठेवली, झाकणावर तारीख लिहिली. टीएसएच उद्या करायला जाते. पण एक राहिलं, जवस दुपारी हलवलं की मग किती दिवसांनी परत तपासायचं?

माधवी_आहार
उद्याचं जे येईल ते डॉक्टरांना दाखवा, जवस गोळीबरोबर घेत होते हेही सांगा, त्यावर ते डोस बघतील. पुढचं टीएसएच साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. कोलेस्टेरॉल तीन महिन्यांनी, तेव्हा रोज दोन टेबलस्पून खरंच घेतलं होतं की नाही ते लिहून ठेवलेलं असू द्या.