मदत हवी आहे: ७ महिन्यांच्या बाळाला घेऊन नाशिकरोड ते नागपूर, रात्रीची रेल्वे

मृण्मयी_नाशिक
नमस्कार. पुढच्या महिन्यात माहेरी नागपूरला जायचंय. मी, नवरा, सासूबाई (वय ५८, गुडघे दुखतात, वर चढता येत नाही) आणि आमचं ७ महिन्यांचं बाळ. विदर्भ एक्स्प्रेसचा विचार आहे, थर्ड एसी. तिकीट अजून काढलेलं नाही. बाळाला घेऊन रेल्वेत रात्र काढायची ही पहिलीच वेळ, म्हणून विचारते.

बाळाचं तिकीट काढावं लागतं का? लोअर बर्थ मिळण्यासाठी काय करायचं? आणि रात्री त्याला झोपवायचं कसं? तो रात्रीतून दोन-तीनदा दूध प्यायला उठतो. अंगावरच पितो. घरी पाळण्यात झोपायची सवय आहे.

सिडको_सागर
ताई, काळजी करू नका. ५ वर्षांखालच्या मुलाचं हाफ तिकीट लागतं आणि बाळ बरोबर असलं की आईला लोअर बर्थ आपोआप मिळतो. माझ्या वहिनीला मिळाला होता. शिवाय आता रेल्वेत बेबी बर्थही आला आहे, लोअर बर्थला जोडलेला असतो. बातमीत पाहिलंय.

जेलरोडचे_काका
सागर, थोडी गल्लत होतेय. मी तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

५ वर्षं पूर्ण व्हायच्या आतल्या मुलाला तिकीटच लागत नाही, मात्र त्याला बर्थही मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळा बर्थ हवा असेल तर मोठ्या माणसाइतकं पूर्ण भाडं. हाफ तिकीट म्हणतात ते ५ ते ११ वर्षांच्या मुलांचं, आणि तेही बर्थ नको असेल तरच. बर्थ घेतला की पूर्ण भाडं, हे एप्रिल २०१६ पासून चालू आहे.

ऑनलाइन तिकीट काढताना प्रवाशांच्या यादीखाली लहान बाळासाठी वेगळी सोय असते. मृण्मयीताई, बाळाचं नाव तिथेच घाला. वरच्या मुख्य यादीत घालू नका. लोक घाईत तिथे घालतात, मग बर्थ लागतो, पैसे कापले जातात आणि गाडीत आमच्याशी वाद घालतात. नाव घालायचं राहून गेलं तरी गुन्हा नाही, दंडही नाही. ७ महिन्यांच्या बाळाला पाहून कुणी वयाचा दाखला मागत नाही. मूल चार-साडेचार वर्षांचं असेल तर मात्र जन्मदाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा.

आता लोअर बर्थ. लोअरसाठी प्राधान्य आहे ते ज्येष्ठ नागरिकांना, ४५ आणि त्यावरच्या बायकांना आणि गरोदर बाईला. कडेवर बाळ आहे एवढ्यावरून संगणक आईला लोअर देत नाही. सागर, तुमच्या वहिनी तेव्हा गरोदर असतील, नाहीतर योगायोगाने मिळाला असेल. बेबी बर्थ मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात प्रयोग म्हणून लावला होता. लोअर बर्थच्या कडेला उलगडणारी छोटी फळी आणि पट्टा. तो धरून बेत आखू नका, आपल्या गाडीला तो मागता येत नाही.

सिडको_सागर
काका, धन्यवाद. वहिनीला सहावा महिना होता तेव्हा, बरोबर आहे तुमचं.

विमानवाली_आई
आम्ही ओझरवरून विमानाने गेलो होतो तेव्हा मांडीवरच्या बाळाचेही पैसे घेतले होते. उड्डाणाच्या वेळी बाळाला दूध पाजत राहायचं, म्हणजे कान दुखत नाहीत.

मृण्मयी_नाशिक
ताई, आम्ही रेल्वेने जातोय :) पण लक्षात ठेवते.
काका, सासूबाई ५८ च्या असल्याने त्यांना लोअर मिळेल. मग त्यांच्याशी अदलाबदल करू का? पण त्या मिडलवर चढू शकणार नाहीत.

जेलरोडचे_काका
तेच सांगणार होतो. तुम्हाला एक नाही, दोन लोअर लागतात. नाशिकरोडवरून जाणाऱ्याची अडचण वेगळी असते. गाडी इथे साधारण रात्री दहाच्या आसपास येते. मुंबई-कल्याणहून चढलेली माणसं जेवून दिवे मालवून पडलेली असतात, मिडल बर्थ वर लावलेला असतो. त्या वेळी कुणाला उठवून “जरा वर जाता का” म्हणणं अवघड, आणि तो नाही म्हणाला तर त्याचंही चुकत नाही. दुपारच्या गाडीत गप्पा मारता मारता अदलाबदल होते. रात्री दहाला होत नाही. म्हणून लोअरचं काम तिकीट काढतानाच व्हायला हवं.

तिघांचं एकच तिकीट काढा. जागा निवडण्याच्या पर्यायांत “किमान एक लोअर मिळाला तरच बुक करा” आणि “दोन लोअर मिळाले तरच” असे दोन आहेत. तुम्ही दोनचा निवडा. अट पूर्ण झाली नाही तर तिकीट निघतच नाही आणि पैसे खात्यात परत येतात. परत यायला काही दिवस लागू शकतात, म्हणून दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढायला खात्यात रक्कम हवी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पुढच्या महिन्याचं म्हणजे उशीर झालेला नाही, पण शुक्रवार-शनिवार धरून बसू नका.

तिसरा बर्थ शक्यतो तुमच्या लोअरच्या वरचाच मिडल असावा, आणि तो नवऱ्याचा. मिडल लावायची वेळ रात्री १० ते सकाळी ६. वरचा मिडल परक्या माणसाचा असेल तर दहा वाजता तो उघडणार आणि खाली तुम्हाला ताठ बसता येणार नाही. मान वाकवून बाळाला पाजावं लागतं. मिडल घरचाच असला की हवा तेव्हा पाडता येतो.

सुनीता_पंचवटी
मी बालरोग विभागात नर्स आहे. झोपेबद्दल लिहिते.

लोअर बर्थ अरुंद असतो. आई आणि बाळ दोघं गाढ झोपलेत, असं होऊ देऊ नका. आळीपाळीने जागं राहा. बाळ भिंतीच्या बाजूला, उताणं. त्याच्या डोक्याखाली रेल्वेची उशी नको, शेजारी सैल पांघरूण नको. गादी आणि भिंत यांच्यात फट दिसली तर चादरीची घट्ट घडी गादीच्या पातळीखाली दाबून बसवा, वर डोकावू देऊ नका. त्या फटीत तोंड गेलं तर बाळाला स्वतःहून बाहेर काढता येत नाही. मिडल आणि अपरवर बाळ अजिबात नको, दोन मिनिटांसाठीही नको.

एसीत थंडी वाजेल म्हणून लोक बाळाला गुंडाळून टाकतात. हात-पाय गारच लागतात, त्यावरून ठरवू नका. मानेमागे बोटं घालून बघा. मान घामेजली असेल तर एक थर काढा. झोपताना टोपी काढा. चादर रेल्वेची चालेल, पण कांबळं घरचं न्या. रेल्वेच्या चादरी दर वेळी धुतात, कांबळी महिन्यातून किमान एकदा, असं रेल्वेमंत्र्यांनीच संसदेत सांगितलं होतं.

आणि एक छोटी विजेरी जवळ ठेवा. डब्यात रात्री फक्त निळा दिवा असतो, त्यात लंगोट ओला आहे की खराब झालाय हे कळत नाही. मोठा दिवा लावला तर आठ माणसं उठतात. विजेरीवर पातळ रुमाल बांधला की पुरेसा उजेड पडतो.

देवळालीची_आजी
आम्ही तर साडीची झोळी बांधायचो दोन बर्थांच्या मध्ये. गाडीच्या हेलकाव्याने पोरं सकाळपर्यंत गाढ झोपायची. तुझ्या बाळाला पाळण्याची सवय आहे ना, मग झोळीच कर. काही होत नाही.

सुनीता_पंचवटी
आजी, जागं राहून, हात लावून तासभर झोळी ठेवली तर मी फार अडणार नाही. पण रात्रभर नको. गाडीने जोरात ब्रेक मारला की झोळी पुढे जाते आणि समोरच्या बर्थच्या लोखंडी कडेवर आपटते. साखळीला मारलेली गाठ कितपत धरेल तेही सांगता येत नाही. शिवाय झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते, श्वास अडू शकतो.

देवळालीची_आजी
चार पोरं वाढवली गं झोळीत. पण तू नर्स आहेस, तुझं तू सांगितलंस. मृण्मयी, बाळ खूप रडायला लागलं तर मात्र माझं आठव.

प्रशांत_के
दुधाचं कुणीच बोललं नाही. आमचं बाळ बाटलीचं दूध पिणारं होतं. इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, डब्यात लावायला मनाई आहे. रात्री ११ ते पहाटे ५ बऱ्याच गाड्यांत चार्जिंगचे पॉइंटही बंद ठेवतात, म्हणून मोबाइल आधीच भरून घ्या. आम्ही घरून उकळतं पाणी थर्मासमध्ये न्यायचो आणि दर वेळी पावडर ताजी कालवायचो. उरलेलं दूध फेकून द्यायचो.

मृण्मयी_नाशिक
आमचं अंगावरचंच दूध आहे, पण थर्मास घेते. थर्ड एसीला पडदे नसतात ना? मला त्याचंच टेन्शन आहे.

सुनीता_पंचवटी
नसतात, सेकंड एसीला असतात. मिडल नवऱ्याचा असेल तर त्याच्या कडेखाली ओढणीचं टोक दाबा, ती पडद्यासारखी खाली लोंबते. बाळाच्या तोंडावर येणार नाही एवढी लांब ठेवा. लंगोट बदलायला घरचा प्लॅस्टिकचा कागद बर्थवर अंथरा, टॉयलेटमध्ये जाऊन हाल करून घेऊ नका. वापरलेला डायपर मात्र कमोडमध्ये टाकू नका. जैवशौचालय तुंबतं आणि पूर्ण डब्याची पंचाईत होते. पिशवीत गाठ मारून दाराजवळच्या कचराकुंडीत टाका.

मृण्मयी_नाशिक
कळवायला आले. शुक्रवारी दोन लोअरच्या अटीने तिकीट निघालंच नाही, पैसे अडकलेत. मंगळवारचं मिळालं: १७, १८, २०. बाळाचं नाव काकांनी सांगितलेल्या जागी घातलं, त्याचे पैसे लागले नाहीत. काका, हे बर्थ बरोबर आहेत ना?

जेलरोडचे_काका
अगदी हवे तसे. १७ आणि २० समोरासमोरचे लोअर, १८ हा १७ च्या वरचा मिडल. सासूबाई २० वर, तुम्ही बाळासह १७ वर, नवरा १८ वर. चढल्यावर तपासनीस येऊन जाईपर्यंत नवऱ्याने जागं राहावं, तिकीट त्याच्याच मोबाइलमध्ये असू द्या. मग तो दोन वाजेपर्यंत झोपेल. दोननंतर १८ खाली पाडा, तो तुमच्या पायाशी बसून बाळाकडे बघेल आणि तुम्ही झोपा. डबा फलाटावर कुठे लागतो ते आधी पाहून तिथेच उभे राहा. गाडी जेमतेम काही मिनिटं थांबते, तेव्हा बाळ पुढे बांधलेलं आणि दोन्ही हात मोकळे हवेत. वाटेत बाळाला ताप-उलटी झाली तर १३९ ला फोन करा. पुढच्या मोठ्या स्टेशनवर, म्हणजे भुसावळ किंवा अकोल्याला, डॉक्टर बोलावता येतो.

मृण्मयी_नाशिक
काका, ताई, आजी, सगळ्यांचे आभार. झोळीचं घरात अजून एकमत नाही. सासूबाई आजींच्या बाजूने आहेत, साडी बॅगेत गेलीच आहे.

सातपूर_अमोल
मध्येच घुसतोय, माफ करा. आमचं चार महिन्यांचं बाळ, पुढच्या आठवड्यात भोपाळ, तिकीट आरएसीत अडकलंय. जावं का?

जेलरोडचे_काका
आरएसी म्हणजे साइड लोअरवर दोघांनी बसायचं. बाळ धरून तिघं, आणि दुसरा माणूस परकाही असू शकतो. गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत आरएसी रद्द करता येतं, थोडे पैसे कापून बाकीचे मिळतात. तोपर्यंत वाट बघा. कितवा नंबर आहे आणि कोणती गाडी?