एकाच आयटमची तीन लोडिंग, पेपरात कोणतं छापायचं?

रावपुरेकरीण
बडोद्यातल्या मराठी घरांत भाषा कशी टिकते, यावर पीएचडीसाठी स्केल तयार करतेय. २४ आयटम, पाच पर्याय, ३१२ उत्तरं. एसपीएसएसने एकापेक्षा मोठ्या आयगेनव्हॅल्यूचे सहा फॅक्टर दिले. गाइडांनी सांगितलं म्हणून व्हॅरिमॅक्स लावलं आणि दोन फॅक्टरवर ०.३२ च्या वर गेलेले पाच आयटम काढून टाकले. पेपर परत आला. रिव्ह्यूअर विचारतोय: सहाच का, व्हॅरिमॅक्सच का, आणि लोडिंगच्या तक्त्यात एवढ्या रिकाम्या चौकटी का? गाइड म्हणतात, तो उगाच खुसपट काढतोय. कोणाचं बरोबर?

जुना_व्हॅरिमॅक्सवाला
गाइडांचं. आयुष्यभर विद्यार्थ्यांना व्हॅरिमॅक्सच शिकवलं, कोणाचा प्रबंध अडला नाही. १९५८ साली कायझरने ते दिलं आणि अजून टिकून आहे, ते काय उगाच? फॅक्टर एकमेकांपासून वेगळे राहतात, तक्ता वाचायला सोपा जातो, व्हायव्हात समजावताना घाम फुटत नाही. आणि ताई, एक लक्षात ठेवा. रोटेशनने कम्युनॅलिटी बदलत नाही, मॉडेल डेटाला किती बसतं तेही बदलत नाही. मग कोणतं लावलं यावर एवढा गहजब कशाला?

तिसरा_मजला
सरांचं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष नाही. रोटेशनने कम्युनॅलिटी बदलत नाही, लोडिंग मात्र बदलतं. रावपुरेकरीणताईंनी आयटम काढले ते लोडिंग बघून.

ताई, आधी तीन गोष्टी इथे टाका. पहिल्या सहा आयगेनव्हॅल्यू. पॅरलल अॅनॅलिसिसचे आकडे. आणि तीन किंवा जितके फॅक्टर उरतील तितके ठेवून ऑब्लिमिन लावल्यावर फॅक्टरांमधलं सहसंबंधाचं कोष्टक. आरमध्ये एवढंच:

```r
library(psych)
fa.parallel(d, fa = "both", n.iter = 500, quant = .95)
f3 <- fa(d, nfactors = 3, fm = "pa", rotate = "oblimin")
f3$loadings; f3$Phi; f3$Structure
```

सूरसागरकाठी
एवढं कशाला? सरळ सीएफए करा. फिट चांगला आला की रिव्ह्यूअर गप्प बसतो. मी तेच केलं.

तिसरा_मजला
त्याच ३१२ जणांवर? ज्या उत्तरांतून फॅक्टर शोधले, त्याच उत्तरांवर ते तपासायचे म्हणजे आपणच पेपर काढायचा आणि आपणच सोडवायचा. सीएफएला नवी माणसं लागतात. शिवाय प्रश्न तो नाहीच. फॅक्टर किती हेच ठरलं नसेल तर सीएफएला कोणतं मॉडेल देणार?

रावपुरेकरीण
काल रात्री बसून केलं. आयगेनव्हॅल्यू ७.१४, २.३१, १.६२, १.२१, १.०९, १.०३. पॅरललच्या पहिल्या चार १.६३, १.५२, १.४४, १.३७. तीन फॅक्टर ठेवले. नावं सध्या अशी: रोजचा वापर, जिव्हाळा, पुढच्या पिढीसाठी धडपड. वापर आणि जिव्हाळा यांचा सहसंबंध ०.५४, उरलेले दोन ०.३८ आणि ०.२९.

माझा जीव सातव्या आयटममध्ये अडकलाय. «रिक्षात किंवा दुकानात मराठी माणूस भेटला तर मी आपणहून मराठीत बोलते/बोलतो.» हा मी काढून टाकला होता. मुलाखतींत जवळजवळ प्रत्येकाने हेच सांगितलं होतं, दांडिया बाजारातल्या एका आजींनी तर त्यावरून मला अर्धा तास गोष्टी सांगितल्या. आता तीन फॅक्टरांवर व्हॅरिमॅक्स लावलं तर तो वापरावर ०.६१ आणि जिव्हाळ्यावर ०.३६ येतो. ऑब्लिमिनच्या पॅटर्न मॅट्रिक्समध्ये ०.५८ आणि ०.२०. स्ट्रक्चर मॅट्रिक्समध्ये ०.६९ आणि ०.५१. तिसऱ्या फॅक्टरवर तिन्हीकडे जवळपास शून्य. आयटम तोच, माणसं तीच. मग खरं लोडिंग कोणतं?

तिसरा_मजला
तिन्ही खरे, पण तिघे वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. आधी खात्री करून घ्या. ०.६१ आणि ०.३६ यांचे वर्ग करून बेरीज केली की ०.५० येते. आता ऑब्लिमिनचं बघा: ०.५८ चा वर्ग, अधिक ०.२० चा वर्ग, अधिक २ × ०.५८ × ०.२० × ०.५४. पुन्हा ०.५०. म्हणजे सर म्हणाले तसंच, कम्युनॅलिटी जागची हलली नाही.

मग ०.३६ कुठून आलं? तुमचे दोन फॅक्टर प्रत्यक्षात एकमेकांच्या बरेच जवळ आहेत, ०.५४ एवढे. ज्याला मराठीचा जिव्हाळा आहे तो बहुधा मराठी वापरतोही, यात नवल काय? व्हॅरिमॅक्स मात्र त्यांना काटकोनात उभं राहायला भाग पाडतं. फॅक्टरांमधल्या त्या नात्याला कुठेतरी जागा हवीच, मग ते आयटमांच्या लोडिंगमध्ये शिरतं. ते दुसरं लोडिंग सातव्या आयटमचा दोष नाही, बरंचसं त्या नात्याचं ओझं आहे. ०.३२ चा नियम लावून तुम्ही आयटमला शिक्षा दिलीत, गुन्हा रोटेशनचा होता.

पॅटर्नमधलं ०.२० सांगतं की वापर तेवढाच धरला तर जिव्हाळ्याने या आयटमवर किती भर पडते. स्ट्रक्चरमधलं ०.५१ हे आयटम आणि जिव्हाळा यांचं सरळ सहसंबंध आहे. त्यात वापरामार्फत आलेला वाटाही मिसळलेला आहे: ०.२० अधिक ०.५४ × ०.५८. म्हणून स्ट्रक्चर बघून आयटम काढले तर निम्मं स्केल कचऱ्यात जाईल. आयटम कुठे बसतो ते पॅटर्नवरून ठरवा. स्ट्रक्चर पुरवणीत द्या आणि फॅक्टरांचं सहसंबंधाचं कोष्टक मुख्य तक्त्याखालीच छापा. ते नसेल तर वाचणाऱ्याला ०.५८ चा पूर्ण अर्थ लागत नाही.

जुना_व्हॅरिमॅक्सवाला
हिशोब बरोबर आहे, मान्य. पण फॅक्टर खरंच स्वतंत्र असतील तर?

तिसरा_मजला
तर ऑब्लिमिन सहसंबंध शून्याच्या आसपास दाखवेल आणि लोडिंग व्हॅरिमॅक्ससारखीच येतील. म्हणून तर सुरुवात तिरक्या रोटेशनने करायची, सर. ते सरळ निघालं तर काही बिघडत नाही. सरळपासून सुरुवात केली तर मात्र तिरकेपणा कधी दिसतच नाही.

मकरपुरा_शिफ्ट
माझी जरा वेगळी गोष्ट आहे. कारखान्यात सुरक्षेवर कामगारांसाठी प्रश्नावली केली होती. चार प्रश्न मुद्दाम उलटे घातले, कोणी डोळे मिटून एकच खूण करू नये म्हणून. ते चारही एकत्र येऊन वेगळा फॅक्टर झाला. साहेबांनी त्याला «नकारात्मक मानसिकता» असं नाव दिलं आणि रिपोर्ट वर पाठवला. पुढे त्यावर दोन दिवसांचं प्रशिक्षणही झालं! तुमच्या सहांतले मागचे तीन तसलेच तर नाहीत?

रावपुरेकरीण
अगं बाई. चौथ्यावर जे तीन आले होते ते तिन्ही उलटे आहेत. त्यातला एक: «घरात गुजराती बोललेलं मला खटकत नाही.» आता असहमत म्हणजे खटकतं की नाही, हे आमच्या शेजारच्या काकांनी मलाच परत विचारलं होतं. मी त्या फॅक्टरला «भाषिक उदारता» नाव देऊन दीड पान लिहिलंय.

तिसरा_मजला
ते दीड पान जपून ठेवा, व्हायव्हानंतर हसायला. मकरपुरावाल्या भाऊंनी नेमकं बोट ठेवलं. चौथ्या आयगेनव्हॅल्यूला पॅरललने आधीच खाली पाडलंय: तुमची १.२१, निव्वळ यादृच्छिक आकड्यांतून येणारी १.३७. तिसरी १.६२ विरुद्ध १.४४, म्हणून तीन. एकापेक्षा मोठं असण्याचा नियम इथेच फसवतो. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले २४ आयटम घेतले तरी ३१२ जणांच्या नमुन्यात जवळपास निम्म्या आयगेनव्हॅल्यू एकाच्या वर जातात. हॉर्नने १९६५ साली पॅरलल सुचवलं ते त्यासाठीच.

रिकाम्या चौकटी तुम्ही `Suppress small coefficients` ला टिचकी मारल्यामुळे आल्या. स्वतः वाचताना ठीक, छापताना काढा. त्या पांढऱ्या चौकटीत ०.०४ आहे की ०.३१, हे रिव्ह्यूअरने कसं ओळखायचं? सगळी लोडिंग छापा, मोठी ठळक करा.

रावपुरेकरीण
गाइडांना पटेल असं वाटत नाही. सहा फॅक्टरांनी ६०% विचरण स्पष्ट होत होतं, तीनने ४६ आणि `Principal Axis Factoring` घेतलं की आणखी खाली, चाळिशीत. ते म्हणतात, ६० च्या खाली कोण छापतं?

जुना_व्हॅरिमॅक्सवाला
हा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. समाजशास्त्रात ६०% मागतात, मी स्वतः मागितलंय.

तिसरा_मजला
मागतात खरे. पण ते ६० हे प्रिन्सिपल कंपोनंटचं आहे. एसपीएसएसमध्ये काही न बदलता बटण दाबलं की तेच लागतं. त्यात प्रत्येक आयटमचं स्वतःपुरतं विचरण आणि चूकसुद्धा मोजली जाते. फॅक्टर काढताना फक्त सामाईक भाग घेतला की आकडा उतरणारच. आणि फॅक्टर वाढवत गेलं की टक्केवारी चढतच जाते, २४ ठेवले तर १००. फॅक्टर किती ठेवायचे हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

अजून एक. तिरक्या रोटेशननंतर प्रत्येक फॅक्टरची वेगळी टक्केवारी देऊन त्यांची बेरीज करू नका. एसपीएसएस स्वतः तक्त्याखाली बारीक अक्षरांत तसं सांगतं, पण ती ओळ कोणी वाचत नाही.

मी असं लिहीन, तुम्ही तुमच्या शब्दांत करा:

«२४ आयटमांवर प्रिन्सिपल अॅक्सिस पद्धतीने विश्लेषण केले. पॅरलल अॅनॅलिसिसमध्ये पहिल्या तीनच आयगेनव्हॅल्यू यादृच्छिक डेटाच्या ९५ व्या शतमकापेक्षा मोठ्या होत्या. चार फॅक्टरांचे उत्तरही पाहिले. त्यात चौथ्या फॅक्टरवर फक्त उलट शब्दरचनेचे तीन आयटम आले, म्हणून तो ठेवला नाही. वापर आणि जिव्हाळा परस्परसंबंधित असणे अपेक्षित असल्याने ऑब्लिमिन रोटेशन वापरले. फॅक्टरांमधील सहसंबंध ०.२९ ते ०.५४ होते. आयटमची निवड पॅटर्न मॅट्रिक्सवरून केली.»

काढलेला प्रत्येक आयटम कोणत्या फेरीत आणि कशामुळे गेला, हेही लिहा. एक आयटम काढला की बाकीची लोडिंग हलतात, म्हणून पाच एकदम उडवायचे नसतात.

मकरपुरा_शिफ्ट
मग त्या तीन उलट्या प्रश्नांचं काय करायचं? काढायचे?

तिसरा_मजला
इथे माझं मत पक्कं नाही. तीन फॅक्टरांत ते आपापल्या जागी ०.४० च्या वर बसत असतील तर मी ठेवीन. «खटकत नाही» वाला मात्र नव्याने लिहावा लागेल, आणि बदललेलं वाक्य म्हणजे नवा आयटम, त्याला जुनी ३१२ उत्तरं चालणार नाहीत.

जुना_व्हॅरिमॅक्सवाला
मी तो काढला असता. मराठीत «नाही» ला पुन्हा «असहमत» जोडलं की शिकलेला माणूसही गोंधळतो. पण ऐका, गाइडांशी भांडू नका. व्हॅरिमॅक्सचा तक्ता पुरवणीत ठेवा, तेही खूष.

सूरसागरकाठी
म्हणजे माझ्या छापलेल्या पेपरातलं सीएफए पण…?

रावपुरेकरीण
सातवा आयटम परत घेतला. पाचांतले तीन परत आले, दोन तिरक्या रोटेशनमध्येही दोन्हीकडे तेवढेच लोंबकळतायत, ते गेले. «खटकत नाही» वर अजून ठरत नाहीये. उद्या साडेअकराला गाइडांकडे जातेय, पॅरललचा आलेख छापून घेतलाय. ते ६० टक्क्यांवर अडले तर संध्याकाळी इथेच येते.