मदत हवी आहे: "इतक्या नोकऱ्या का बदलल्या?" याला उत्तर काय द्यायचं?

डोंबिवली_फास्ट: गुरुवारी अंधेरीत इंटरव्ह्यू आहे, अकाउंट्सचा. पाच वर्षांत चार नोकऱ्या झाल्यात. "ग्रोथसाठी बदलल्या" म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि पुढे फोनच येत नाही. नेमकं काय बोलू?

खातेवही: कुठे किती महिने? सोडलीत की काढलं?

डोंबिवली_फास्ट: १४, ११, ७ आणि आता २२ सुरू. मधल्या दोन कॉन्ट्रॅक्टवर होत्या.

खातेवही: हे आधी सांगायचं ना! बेरीज ५४ होते. उरलेले ६ महिने?

डोंबिवली_फास्ट: सीए इंटरचा अभ्यास. ग्रुप निघाला नाही.

पार्ल्याचा_पक्या: सात महिन्यांची नोकरी रेझ्युमेतून गाळा. कोण विचारतंय!

खातेवही: पीएफ कापला नसेल तर कदाचित खपेल. कापला असेल तर यूएएनच्या सर्व्हिस हिस्ट्रीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. व्हेरिफिकेशनमध्ये तीच मागतात आणि ऑफर हातातून जाते. शिवाय कॉन्ट्रॅक्टवर पीएफ बहुधा एजन्सीच्या नावाने जमा होतो. रेझ्युमेत फक्त जिथे बसत होतात त्या कंपनीचं नाव असेल तर नोंद जुळत नाही. "अमुक एजन्सीमार्फत, तमुक कंपनीत, ११ महिन्यांचा करार" असं लिहा. सोडल्याची तारीख कोरी असेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर Mark Exit मधून स्वतः भरता येते.

उत्तर अर्ध्या मिनिटाचं ठेवा: "पहिल्या ठिकाणी फक्त बिलांची एंट्री होती, जीएसटीचं काम शिकायचं होतं म्हणून १४ महिन्यांनी सोडलं. मग सहा महिने सीए इंटरचा अभ्यास केला, ग्रुप निघाला नाही. पुढचे दोन करार मुदतीचे होते, दोन्ही पुरे केले. आता २२ महिने जीएसटीआर-३बी आणि २बीचा ताळमेळ माझ्याकडे आहे." इथे थांबा. पुढे बोलत राहिलात की सफाई दिल्यासारखं वाटतं. "ग्रोथ" चालत नाही, कारण त्यातून तुम्ही इथूनही कधी जाल एवढंच कळतं.

सायनची_सुमा: करार खरंच पुरे केलेत ना? मध्येच सोडला असेल तर रिलीव्हिंग लेटरवरची तारीख बोलेल.

डोंबिवली_फास्ट: सातवाला बारा महिन्यांचा होता. प्रोजेक्ट बंद पडलं.

खातेवही: मग "दोन्ही पुरे केले" म्हणू नका. "दुसरं प्रोजेक्ट मुदतीआधी बंद झालं" म्हणा. त्याचं पत्र आहे का?

नोटीस_९०: माझा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आहे, बायआउटचे पैसे नवी कंपनी देते का?

पार्ल्याचा_पक्या: वेगळा धागा काढा हो. आणि "आताची का सोडताय?" विचारतीलच. सरळ पगार सांगा, मुंबईत कोणाला कळत नाही?

सायनची_सुमा: पहिल्याच फेरीत पगार? मग सगळे बदल पैशासाठीच झाले असं धरतात. आताच्या जागी न मिळणारं आणि त्यांच्या जाहिरातीत असलेलं एक काम सांगा, टीडीएस किंवा ऑडिट.

पार्ल्याचा_पक्या: आणि पगार कमी दिला की पुन्हा सहा महिन्यांत बाहेर!

डोंबिवली_फास्ट: जाहिरातीत टीडीएस आहे. पत्र मात्र नाही, फक्त एजन्सीचा मेल आहे. चालेल?

खातेवही: मेलमध्ये तारीख आणि कारण आहे का ते बघा. असेल तर पीडीएफ करून ठेवा, आणि एजन्सीकडे पत्र आजच मागा.