मदत हवी आहे: चेकआउटला डिलिव्हरीची खरी तारीख कशी दाखवावी?

सांगलीहून हळद-बेदाणा अमेरिकेत जातो. कुरिअरची गाडी दुपारी 3 ला येते, रविवार बंद. कटऑफ ग्राहकाच्या ब्राउझरचं घड्याळ बघून ठरतो, आणि तिथंच घोळ होतोय.

समजा, न्यू जर्सीतून गुरुवारी 1 ऑक्टोबर 2026 ला दुपारी 1 वाजता ऑर्डर आली. साइट म्हणते, ‘आजच रवाना’. इथं तेव्हा रात्रीचे साडेदहा! शुक्रवारी गांधी जयंती, म्हणजे पार्सल निघणार शनिवारी 3 तारखेला.

आता कटऑफ सर्व्हरवर `Asia/Kolkata` मध्ये मोजायचा आणि पेमेंटच्या क्षणी पुन्हा तपासायचा, एवढं ठरलंय. साडेनऊ तास हाताने मिळवण्यात अर्थ नाही, नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे गेली की साडेदहा होतात.

अडलंय पुढं. प्रवासाचे 5 ते 7 कामाचे दिवस अमेरिकी कॅलेंडरने मोजले, तर 12 ऑक्टोबरची कोलंबस डे सुट्टी वगळून 9 ते 14 ऑक्टोबर येतं. पण त्यातले पहिले एक-दोन दिवस पार्सल भारतातच असतं. सुट्ट्यांचे तक्ते टप्प्यानुसार वेगळे ठेवता का? कस्टम्सचे दिवस कुठल्या टप्प्यात धरता?

शिवाय `new Date("2026-10-09")` तिकडे 8 तारीख दाखवतं, कारण नुसती तारीख यूटीसी मध्यरात्र धरली जाते. तारीख सरळ मजकूर म्हणूनच पाठवावी का?